महिन्याचा फरक एका पानावर

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, हट्टा आणि आसपासच्या गावांत, उन्हाळा म्हणजे हळदीचा हंगाम. काढणी, शिजवणी, वाळवणी, ढोलात पॉलिश आणि मग वसमत किंवा हिंगोलीचा बाजार. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कांडी विकण्याऐवजी पावडर करून विकावी, हा विचार या भागात आणखी जोर धरू लागला. हे काम बहुतेक वेळा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने चालते. अशी कंपनी स्थापन करायला किमान दहा उत्पादक लागतात आणि किमान पाच संचालक. संचालक मंडळाची सभा तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावी, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. पण हळदीचा सारा हंगामच तीन-चार महिन्यांचा. मार्चमध्ये झालेली चूक जूनच्या सभेत कळली तर ती दुरुस्त करायला माल उरलेला नसतो. म्हणून दर महिन्याला अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर ठेवणारा अहवाल लागतो.

हा अहवाल वाचणारी माणसे हिशोबनीस नसतात. खरेदी पाहणारा शेतकरी भाव आणि माल ओळखतो, गिरणी सांभाळणारा यंत्राच्या आवाजावरून जाळी झिजल्याचे सांगतो, विक्री बघणाऱ्याला परभणी-नांदेडचे दुकानदार नावानिशी माहीत असतात. यांच्या हातात जर टॅलीतून काढलेली, आडव्या कागदावरची, चाळीस खात्यांची छापील प्रत ठेवली, तर ते शेवटची बेरीज पाहतात आणि कागद घडी घालून खिशात टाकतात. दोष त्यांचा नाही. त्या कागदाची मांडणी हिशोब पुरा करण्यासाठी झालेली असते. ती वाचणाऱ्यासाठी कशी करायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. या प्रस्तावनेत मी एकाच महिन्याचा खर्च घेऊन ती मांडणी उलगडून दाखवणार आहे. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणा एका कंपनीचे नाहीत. विक्रीची बाजू पुढच्या प्रकरणांसाठी ठेवली आहे.

समजा, मे महिन्यात २०० क्विंटल हळद दळायची असे वर्षाच्या सुरुवातीला ठरले होते. हळदीचा भाव क्विंटलला १३,००० रुपये धरला, म्हणजे खरेदी २६ लाखांची. वीज ४० हजार, पॅकिंग ६० हजार, हमाली १० हजार, पगार ६० हजार, जागेचे भाडे २५ हजार आणि यंत्राच्या दुरुस्तीला १० हजार. एकूण अंदाज २८ लाख ५ हजार. प्रत्यक्षात अवकाळी पावसाने वाळवणीची हळद भिजली, आवक कमी झाली आणि १५० क्विंटलच दळली गेली. महिनाअखेर खात्यांवर दिसलेला खर्च २२ लाख १९ हजार ५०० रुपये.

नेहमीच्या पद्धतीचा अहवाल इथे म्हणतो: अंदाजापेक्षा ५ लाख ८५ हजार ५०० रुपये कमी खर्च. वीज चार हजारांनी कमी, पॅकिंग नऊ हजारांनी कमी. सभेत सगळ्यांना बरे वाटते. प्रत्यक्षात हा महिना वाईट गेलेला आहे. काम पाऊण झाले म्हणून खर्च कमी दिसतो. काम पाऊण झाल्यावर खर्च किती व्हायला हवा होता, हा प्रश्न त्या कागदाने विचारलेलाच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती ही की अंदाजाचे दोन रकाने ठेवायचे. एक मूळ अंदाज, जो सभेने मंजूर केला आणि जो वर्षभर बदलायचा नाही. दुसरा 'कामानुसार अंदाज': जेवढे काम प्रत्यक्ष झाले तेवढ्याला ठरलेल्या दराने किती खर्च आला असता, तो आकडा. जे खर्च कामाबरोबर वाढतात-घटतात ते त्या प्रमाणात घ्यायचे, आणि पगार-भाड्यासारखे जे काम होवो न होवो लागतातच, ते जसेच्या तसे. फरक काढायचा तो या दुसऱ्या रकान्याशी. आकडे हजार रुपयांत:

| बाब | मूळ अंदाज | कामानुसार अंदाज | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|---|
| दळलेली हळद (क्विंटल) | २०० | १५० | १५० | |
| हळद खरेदी | २,६०० | १,९५० | २,०४० | −९० |
| वीज | ४० | ३० | ३६ | −६ |
| पॅकिंग | ६० | ४५ | ५१ | −६ |
| हमाली | १० | ७.५ | ७.५ | ० |
| पगार | ६० | ६० | ६० | ० |
| भाडे | २५ | २५ | २५ | ० |
| दुरुस्ती (बिल यायचे आहे) | १० | १० | १० | ० |
| एकूण खर्च | २,८०५ | २,१२७.५ | २,२२९.५ | −१०२ |

पावणेसहा लाखांच्या वर दिसणारी बचत गेली आणि तिच्या जागी १ लाख २ हजारांचा जादा खर्च आला. टॅलीतही बजेट भरून फरकाचा अहवाल काढता येतो, पण तो फरक भरलेल्या, न बदलणाऱ्या आकड्याशी काढलेला असतो. त्यामुळे मधला रकाना आपल्यालाच एक्सेलमध्ये करावा लागतो. त्याला लागणारी माहिती एकच, महिन्यात किती क्विंटल दळले. म्हणूनच तक्त्याची पहिली ओळ रुपयांची नसून क्विंटलची आहे. हिशोबापासून दूर असलेल्या माणसाला त्या ओळीपासून सुरुवात करता येते, कारण तो आकडा त्याने स्वतः काट्यावर पाहिलेला असतो.

त्या ओळीतला पन्नास क्विंटलचा खड्डा मात्र मधल्या रकान्यामुळे झाकला जाऊ नये. पगार, भाडे आणि दुरुस्ती मिळून ९५ हजार रुपये लागणारच होते. २०० क्विंटलवर वाटले तर ते क्विंटलमागे ४७५ रुपये होतात, १५० वर वाटले तर ६३३. हा बोजा ना गिरणीवाल्याच्या हाती, ना पॅकिंगवाल्याच्या. तो आवकेचा प्रश्न आहे आणि संचालकांनी त्यावर बोलायचे आहे. म्हणून ही दोन वाक्ये तक्त्याच्या वर, ठळक अक्षरांत, वेगळी लिहावीत.

आता चिन्हाकडे. वरच्या तक्त्यात जादा खर्चापुढे उणे आहे आणि हिशोब शिकलेल्या माणसाला ते खटकू शकेल, कारण प्रत्यक्षातून अंदाज वजा केला तर जादा खर्च अधिक येतो. पण तसे केले की विक्रीच्या ओळीत अधिक म्हणजे चांगले आणि खर्चाच्या ओळीत अधिक म्हणजे वाईट, अशी स्थिती होते. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीला थांबून विचार करावा लागतो, आणि घाईत तो चुकतो. माझा नियम सरळ आहे: ज्या फरकाने कंपनीचा नफा घटतो तो उणे, मग ओळ विक्रीची असो की खर्चाची. एक्सेलमध्ये खर्चाच्या ओळीला अंदाजातून प्रत्यक्ष वजा करायचे, विक्रीच्या ओळीला प्रत्यक्षातून अंदाज, एवढाच त्याचा अर्थ. तांबड्या-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये. बहुतेक संचालक हा कागद झेरॉक्सवर किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत वाचतात. झेरॉक्समध्ये दोन्ही रंग सारखेच काळपट होतात, आणि फोटोतला आडवा कागद बोटांनी मोठा करत वाचावा लागतो. उभा कागद, पाच रकाने, आकडे हजारांत, आणि रंग नसतानाही वाचता येणारे चिन्ह, एवढे पाळले की फोटोसुद्धा वाचता येतो.

सगळ्याच ओळींवर बोलत बसले तर सभा हमालीच्या पाचशे रुपयांवर अडकते. कशावर बोलायचे याची मर्यादा आधीच ठरवलेली असावी, आणि ती टक्के व रुपये दोन्हींत असावी. नुसते टक्के धरले तर लहान खाती सारखी वर येतात. आपल्या उदाहरणात हळदीच्या भावातला फरक पाच टक्क्यांच्याही आत आहे, पण रक्कम नव्वद हजारांची, म्हणजे टक्क्यांच्या चाळणीतून सगळ्यात मोठी गोष्टच गळून गेली असती. नुसते रुपये धरले तर उलट होते, दर महिन्याला हळद खरेदीचीच ओळ वर येते आणि बाकीच्या कोणाकडे लक्ष जात नाही. या आकाराच्या कंपनीला मी अशी मर्यादा सुचवतो: फरक दहा टक्क्यांहून जास्त आणि पाच हजारांहूनही जास्त असेल तर खुलासा, किंवा टक्के काहीही असले तरी पंचवीस हजारांच्या वर गेला तर खुलासा. या मर्यादेने आपल्या तक्त्यात तीनच ओळी उरतात, खरेदी, वीज आणि पॅकिंग. बाकीच्या ओळी तक्त्यात राहतात, चर्चेत येत नाहीत.

या तिन्ही ओळी एकाच जातीच्या नाहीत, आणि अहवालाची खरी कसोटी इथे लागते. खरेदीत क्विंटलमागे १३,००० ऐवजी १३,६०० रुपये पडले. दीडशे क्विंटलला सहाशेप्रमाणे बरोबर नव्वद हजार. म्हणजे हा संपूर्ण फरक भावाचा आहे. तो बाजाराने ठरवला, गिरणी चालवणाऱ्याला त्याबद्दल विचारून काही हाती लागणार नाही. पॅकिंगमध्ये क्विंटलमागे ३०० ऐवजी ३४० रुपये गेले, कारण त्या महिन्यात किलोच्या पाकिटांपेक्षा २०० ग्रॅमच्या पाकिटांची मागणी जास्त आली. तेवढ्याच पावडरीला पाकिटे पाचपट लागतात. हा खर्च पॅकिंगच्या टेबलावर झाला असला तरी त्याचा निर्णय विक्रीचा आहे. लहान पाकिटाला किलोमागे भाव जास्त मिळत असेल, तर हा उणे फरक कंपनीच्या फायद्याचाच असू शकतो. विक्रीची ओळ शेजारी पाहिल्याशिवाय त्याला दोष देता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळीपुढे खुलासा कोण देणार त्याचे पद लिहिलेले असावे, आणि ते पद खर्च जिथे नोंदवला गेला त्या जागेचे नव्हे तर ज्याच्या निर्णयाने तो बदलू शकतो त्याचे असावे.

विजेची ओळ सगळ्यात बोलकी आहे. क्विंटलमागे २०० ऐवजी २४० रुपये लागले. गिरणीप्रमुख सांगतो, माल ओला होता, पल्व्हरायझरमधून हळू निघत होता, यंत्र जास्त तास चालले. हे खरे आहे की सबब आहे, हे रुपयांच्या तक्त्यावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी वजनाकडे यावे लागते.

दीडशे क्विंटल हळद दळून १४५.५ क्विंटल पावडर निघावी, म्हणजे घट तीन टक्के, असे अंदाजात धरले होते. निघाली १४२.५ क्विंटल. घट पाच टक्के. तीन क्विंटल कमी म्हणजे खरेदीभावाने ४० हजार ८०० रुपये, आणि हा आकडा वरच्या तक्त्यात कुठेही नाही. तो खर्चाच्या कोणत्याच खात्यात पडत नाही. पावडर गोदामात कमी भरली, एवढेच घडले. बहुतेक अहवालांत ही गळती वर्षअखेर साठा मोजेपर्यंत दिसत नाही. म्हणून क्विंटलच्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी: अपेक्षित पावडर, प्रत्यक्ष पावडर आणि घटीचे टक्के.

आता या घटीचे कारण आकड्यांतूनच तपासता येते. अन्नसुरक्षा नियमांनुसार अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि पावडरीत १० टक्क्यांपर्यंत चालतो. १२ टक्के ओलाव्याच्या शंभर किलो हळदीत कोरडा भाग ८८ किलो. तोच कोरडा भाग १० टक्के ओलाव्याच्या पावडरीत आला की वजन सुमारे ९७.८ किलो भरते. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घट निव्वळ ओलाव्याची, वर थोडी धूळ आणि सांडलवंड, मिळून तीन टक्के. अंदाज बरोबर होता. पण घेतलेली हळद १४ टक्के ओलाव्याची असेल तर कोरडा भाग ८६ किलो आणि पावडर ९५.६ किलो. घट आणखी दोन-सव्वादोन टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे वाढली तीही दोनच टक्के. गिरणीप्रमुखाचे म्हणणे खरे ठरते, आणि गळती गिरणीत नसून खरेदीच्या काट्यावर आहे हेही कळते. ओल्या मालाला कोरड्याचा भाव दिला गेला. शिवाय जाळी झिजली असती किंवा पावडर उडून गेली असती, तर घट वाढली असती पण ओलाव्याच्या नोंदी नेहमीसारख्या राहिल्या असत्या. खरेदीपट्टीवर ओलावा मोजून लिहिण्याची सवय असेल तरच हा निवाडा करता येतो.

म्हणून खुलाशाच्या रकान्यात 'वीजवापर वाढल्यामुळे वीजखर्च वाढला' असले वाक्य स्वीकारू नये. ते आकडाच शब्दांत लिहिते. खुलाशात तीन गोष्टी असाव्यात: काय घडले, पुढच्या महिन्यातही घडणार का, आणि कोण काय करणार, कधीपासून. इथे तो असा लिहिता येईल: 'अवकाळीने भिजलेल्या हळदीत ओलावा १४ टक्के होता, त्यामुळे घट दोन टक्क्यांनी वाढली आणि दळायला वेळ लागला. शिल्लक मालातही हे राहील. खरेदीप्रमुख १० जूनपासून १२ टक्क्यांवरचा माल वाळवून घेतील, नाहीतर भावात कपात करतील.' याहून लांब खुलासा वाचला जात नाही, आणि याहून आखूड खुलाशावरून काही ठरवता येत नाही.

तक्त्यात दुरुस्तीचे दहा हजार प्रत्यक्षात धरलेले आहेत, बिल आलेले नसताना. काम मे महिन्यात झाले, मेकॅनिकचे बिल जूनमध्ये येईल. ते सोडून दिले असते तर मेमध्ये दहा हजारांची बचत आणि जूनमध्ये दहा हजारांचा जादा खर्च दिसला असता, दोन्ही खोटे. विजेचेही तसेच आहे. महावितरणचे बिल महिना संपल्यावर येते, त्यामुळे भरलेल्या बिलावरून केलेल्या मेच्या अहवालात एप्रिलची वीज बसते. ३१ तारखेला संध्याकाळी मीटरचे युनिट लिहून घ्यावेत आणि दराने गुणून आकडा धरावा, बिल आल्यावर फरक जुळवून घ्यावा. असे अंदाजाने धरलेले आकडे कंसातल्या शब्दांनी दाखवून द्यावेत, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे अजून पक्के व्हायचे आहे. यामुळे थोडी अचूकता जाते. पण सात तारखेला हातात आलेला, एखाद-दुसरा आकडा अंदाजाने धरलेला अहवाल, पंचवीस तारखेच्या पै न पै जुळलेल्या अहवालापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. पंचवीस तारखेपर्यंत पुढच्या महिन्याची खरेदी बहुतेक होऊन गेलेली असते.

या मांडणीची एक कच्ची बाजूही सांगितली पाहिजे. मी वीज सरसकट कामाच्या प्रमाणात धरली. प्रत्यक्षात वीजबिलात स्थिर आकार असतो, यंत्र बंद असले तरी तो लागतो. चाळीस हजारांपैकी आठ हजार स्थिर असतील, तर दीडशे क्विंटलला वीज तीस नव्हे, बत्तीस हजार व्हायला हवी होती. आठ हजार अधिक उरलेल्या बत्तीस हजारांचा पाऊण भाग. मग जादा खर्च सहा हजारांऐवजी चार हजारांवर येतो आणि आपल्याच मर्यादेत बसून चर्चेतून बाहेर पडतो. ओलाव्याचा निष्कर्ष त्याने बदलत नाही, कारण तो घटीवर उभा आहे. पण एखाद्या महिन्यात काम फारच कमी झाले, तर स्थिर भाग वेगळा न काढल्यामुळे गिरणीप्रमुखावर नसलेला दोष येऊ शकतो. काही महिन्यांची बिले आणि दळलेले क्विंटल शेजारी मांडले की स्थिर भाग बराचसा उघड होतो. हे काम वर्षातून एकदा, अंदाजपत्रक बनवतानाच करावे.

आणि मूळ अंदाजाला मध्येच हात लावू नये. हळदीचा भाव १३,६०० वर स्थिरावला आहे असे जूनमध्ये वाटले, तर मूळ रकान्यात तेरा हजारच राहू द्यावेत आणि तक्त्याच्या शेवटी 'वर्षअखेरचा सुधारित अंदाज' अशी एक ओळ जोडावी. भाव असाच राहिला तर उरलेल्या महिन्यांत किती जादा पैसे लागतील, तो आकडा तिथे यावा. संचालकांना बँकेकडे खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागायची असेल, तर त्यांना लागणारा आकडा हाच, आणि बँकेशी ते बोलणे माल घेऊन झाल्यावर नव्हे, घेण्याआधी व्हायला हवे.